आई-बाबांचा I-94 संपत आलाय आणि परत जाता येत नाही: अमेरिकेतला मुक्काम वाढवताना अर्ज कुठे अडतो

मुलांकडे अमेरिकेत आलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत ही अडचण वारंवार येते. परतीचं तिकीट काढलेलं असतं, बॅगा भरायला घेतलेल्या असतात आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी पडतं, छातीत दुखतं किंवा विमान रद्द होतं. मग घरात पहिला प्रश्न निघतो, "व्हिसा तर अजून सात वर्षं आहे ना, मग काय घाई?" गोंधळाची सुरुवात याच वाक्यापासून होते. खाली जे लिहिलंय ते बी-2 या पर्यटक व्हिसावर आलेल्या भारतीय पासपोर्टधारकांसाठी आहे. ब्रिटिश किंवा इतर युरोपीय पासपोर्टवर व्हिसाशिवाय आलेल्यांचा नियम वेगळा आहे, तो शेवटाकडे दिलाय.

आधी तारीख कोणती ते बघा

पासपोर्टमधल्या व्हिसाच्या स्टिकरवर दहा वर्षांची मुदत असते. त्या मुदतीत तुम्ही अमेरिकेच्या दारात येऊन उभे राहू शकता, एवढाच तिचा अर्थ. आत आल्यावर किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि त्याची नोंद I-94 मध्ये होते. ती i94.cbp.dhs.gov वर पासपोर्ट क्रमांक टाकून बघता येते. तिथे `Admit Until Date` समोर जी तारीख आहे, ती शेवटची. बहुतेकांना सहा महिने मिळतात, पण सगळ्यांना मिळतीलच असं नाही. त्यामुळे मनातल्या मनात सहा महिने मोजू नका, तारीख उघडून वाचा आणि त्या पानाची पीडीएफ जपून ठेवा.

आई आणि बाबा वेगवेगळ्या वेळी आले असतील तर दोघांच्या तारखा वेगळ्या असतात. हे फार घरांत शेवटच्या आठवड्यात लक्षात येतं.

ही तारीख एका दिवसाने जरी ओलांडली आणि त्याआधी मुदतवाढीचा अर्ज दाखल झालेला नसेल, तर तो दहा वर्षांचा व्हिसा कायद्याने रद्द ठरतो. त्यावर शिक्का मारायला कोणी येत नाही. पुढच्या खेपेला विमानतळावर किंवा नव्या व्हिसाच्या मुलाखतीत ते समोर येतं. 180 दिवसांहून जास्त बेकायदा राहून गेलं तर तीन वर्षं आणि एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलं तर दहा वर्षं प्रवेशबंदी लागते. आजारपणात कोणी मुद्दाम एवढं राहत नाही, पण नामंजूर झालेल्या अर्जाची चिठ्ठी न उघडता पडून राहिली तर दिवस भरत जातात.

अर्ज I-539, आणि त्यात खरं महत्त्व कशाला

मुदतवाढीचा फॉर्म I-539. तो यूएससीआयएस या खात्याकडे जातो. my.uscis.gov वर खातं उघडून ऑनलाइन भरता येतो किंवा कागदावर भरून टपालाने पाठवता येतो. 1 एप्रिल 2024 पासून ऑनलाइन फी 420 डॉलर आणि कागदी अर्जाची 470 डॉलर आहे. भरायच्या दिवशी खात्याच्या संकेतस्थळावरच्या G-1055 या फीच्या तक्त्यात आकडा पुन्हा बघून घ्या.

अर्ज I-94 च्या तारखेआधी 45 दिवस करावा असा खात्याचा सल्ला आहे. हा सल्ला आहे, अट नाही. बाबा तारखेच्या पंधरा दिवस आधी पडले तर पंचेचाळीस दिवस कुठून आणणार? अट एवढीच आहे की तारीख उलटण्याआधी अर्ज खात्याला *मिळालेला* असायला हवा.

हा "मिळालेला" शब्द नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त अर्ज इथेच बुडतात. टपालाने पाठवलं तर पाकीट कधी टाकलं याला किंमत नाही, खात्याच्या पत्त्यावर कधी पोचलं ते धरतात. पोचूनही सही राहिली असेल, फी चुकली असेल किंवा फॉर्मची जुनी आवृत्ती वापरली असेल, तर सगळा गठ्ठा परत येतो. परत आलेला अर्ज कधी केलाच नव्हता असं मानलं जातं. तो गठ्ठा परत घरी येईपर्यंत I-94 ची तारीख बहुधा उलटून गेलेली असते. ऑनलाइन अर्जात हा धोका जवळजवळ राहत नाही. फी भरली की लगेच पावती क्रमांक पडद्यावर दिसतो, तो `IOE` या अक्षरांनी सुरू होतो. आजारपणात वेळ कमी असताना कागदी अर्जाच्या वाटेला जाऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे, अपवाद फक्त सहीचा.

सहीचा प्रश्न असा. ऑनलाइन खातं ज्याच्या मुदतवाढीचा अर्ज आहे त्याच्याच नावाने, त्याच्याच ईमेलवर हवं. मुलाने स्वतःच्या खात्यातून वडिलांचा अर्ज भरायचा नसतो. टायपिंग मुलाने केलं तरी चालतं, पण मग फॉर्म तयार करून देणारा म्हणून त्याने आपलं नाव त्या रकान्यात द्यायचं. वडील शुद्धीवर असतील आणि काय चाललंय हे समजत असेल, तर लॅपटॉप दवाखान्यात नेऊन त्यांच्याकडूनच सहीची जागा भरून घ्या. उजव्या हाताला प्लास्टर असेल आणि अर्ज कागदी असेल, तर शाईची फुली किंवा लिहिता येत नसेल तर अंगठाही सही म्हणून चालतो. साधं मुखत्यारपत्र मात्र चालत नाही. माणूस भान हरपलेला असेल तर कायदेशीर पालकत्वाचे कागद लागतात, आणि तिथे इमिग्रेशन वकिलाशिवाय पुढे जाऊ नका.

नवरा-बायको एकत्र आले असतील तर एकाच अर्जात दोघांना घालता येतं आणि फी एकच लागते. कागदी अर्जात जोडीदारासाठी I-539A हा जादा फॉर्म भरायचा आणि त्यावर जोडीदाराची स्वतःची सही घ्यायची. ही दुसरी सही राहिली तरी गठ्ठा परत येतो.

एक प्रकरण तारखांसकट

समजा पुण्याचे आई-बाबा न्यू जर्सीत मुलीकडे 10 जानेवारीला आले. I-94 दोघांचाही 9 जुलैपर्यंत. परतीचं विमान 28 जूनला. 20 जूनला बाबा न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं आणि 21 तारखेला शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले की बारा आठवडे लांबचा प्रवास नको. पंधरा-सोळा तास एका जागी बसल्याने पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतर वाढलेला असतो, आणि विमानतळावर एवढं चालणंही जमणार नाही.

21 जूनपासून बारा आठवडे म्हणजे 13 सप्टेंबर. त्यानंतर एक शेवटची तपासणी, डॉक्टरांचा प्रवासाला हरकत नाही असा कागद, आणि तिकिटासाठी थोडी उसंत. म्हणून नवं तिकीट 30 सप्टेंबरचं काढलं आणि मुदतवाढ 10 ऑक्टोबरपर्यंत मागितली. एका अर्जात जास्तीत जास्त सहा महिने मागता येतात, पण इथे सहा महिने मागितले असते तर डॉक्टरांच्या पत्रातले बारा आठवडे आणि अर्जातले सहा महिने यांचा मेळ बसला नसता. अधिकारी हे दोन कागद शेजारी ठेवूनच वाचतो. मागितलेली तारीख आणि पत्रातली तारीख यात दोन-चार आठवड्यांचं अंतर असेल तर ते समजण्यासारखं असतं, तीन महिन्यांचं असेल तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

अर्ज 25 जूनला ऑनलाइन गेला. बाबा मुख्य अर्जदार, आई सहअर्जदार. आईच्या बाबतीत कारण वेगळं लिहायचं, कारण ती आजारी नाही. ती नवऱ्याची सोबत आणि शुश्रूषा करायला थांबते आहे, आणि परतीच्या त्याच विमानाने त्याच्याबरोबर जाणार आहे, हे दोन वाक्यांत सांगितलं की पुरतं.

डॉक्टरांचं पत्र

दवाखान्यातून सुटताना जो डिस्चार्जचा गठ्ठा मिळतो, तो जोडून लोक मोकळे होतात. चाळीस पानांत औषधं असतात, रक्ताचे रिपोर्ट असतात, पण "हा माणूस अमुक तारखेपर्यंत विमानाने जाऊ शकत नाही" हे वाक्य कुठेच नसतं. अधिकाऱ्याला हवं असतं ते नेमकं हेच वाक्य.

म्हणून डॉक्टरांकडे स्वतंत्र पत्र मागा. लेटरहेडवर, तारखेसह, सहीचं. त्यात रुग्णाचं पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव आणि जन्मतारीख, काय झालं आणि कधी झालं, कोणता उपचार केला, पुढे कोणता उपचार किंवा तपासण्या किती आठवडे चालणार, लांबचा विमानप्रवास का टाळायचा, आणि साधारण कोणत्या तारखेनंतर प्रवास करता येईल, एवढं हवं. एक पान पुष्कळ. डॉक्टर कामात असतात, त्यामुळे काय काय लिहायला हवं याची एका कागदावर यादी करून नर्सकडे दिलीत तर पत्र लवकर आणि नेमकं मिळतं. "प्रकृतीनुसार ठरवू" असं मोघम लिहून आलं, तर अंदाजे आठवडे तरी लिहून द्या अशी विनंती करा.

आपलं निवेदन

अर्जासोबत अर्जदाराचं लेखी निवेदन जोडावं लागतं. फॉर्मच्या सूचनांमध्येच तीन गोष्टी मागितल्या आहेत: का थांबायचंय, हा मुक्काम तात्पुरता आहे हे कशावरून आणि परत जायची काय तयारी केली आहे, आणि या लांबणीमुळे मायदेशातल्या नोकरीवर किंवा घरावर काय परिणाम होईल. सेवानिवृत्त माणसाने तिसऱ्या मुद्द्याला "लागू नाही" लिहून सोडू नये. पेन्शन कोणत्या बँकेत येते, पुण्यातलं घर कोणाच्या नावावर आहे आणि सध्या कोण बघतंय, दुसरा मुलगा तिथेच राहतो का, हे लिहायचं. त्याला आधार म्हणून पेन्शनचं पासबुक, मिळकत कराची पावती, गावाकडे शेती असेल तर सातबारा जोडता येतो. मराठीतला कागद तसाच जोडून चालत नाही. पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं आणि त्याखाली भाषांतर करणाऱ्याने लिहून द्यायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे, मग सही, नाव, पत्ता, तारीख.

निवेदनात कारण एकच ठेवा. "बाबांचं ऑपरेशन झालंय, शिवाय नातवाची मुंज आहे, शिवाय सुनेला बाळंतपणात मदत होईल" असं लिहिलं की खरं कारण पातळ होतं. नातवंडांना सांभाळण्याचा उल्लेख तर टाळलेलाच बरा. आपल्याला ती आजीची माया वाटते, पण वाचणाऱ्याला तो बिनपगारी कामासारखा दिसू शकतो, आणि बी-2 वर काम करायला परवानगी नाही.

खर्चाचा पुरावाही द्या. दवाखान्याचं बिल कोण भरतंय, विमा किती भरतोय, राहणं-खाणं कोणाकडे. मुलीने एक पत्र द्यावं आणि सोबत तिच्या बँकेचे ताजे स्टेटमेंट. विम्याची मुदत जुन्या तिकिटाच्या तारखेला संपत असते हे लक्षात ठेवा. ती संपायच्या आधीच वाढवून घ्यावी, एकदा खंड पडला की नवी पॉलिसी हा आजार जुनाच धरते.

आणि पासपोर्ट. मागितलेल्या पूर्ण मुदतीसाठी तो चालू हवा. सप्टेंबरमध्ये पासपोर्ट संपत असेल आणि ऑक्टोबरपर्यंत राहायचं असेल, तर भारतीय वाणिज्य दूतावासाकडे नूतनीकरणाचा अर्ज लगेच करा आणि त्याची पावती I-539 ला जोडा. पासपोर्ट आला की त्याची प्रत ऑनलाइन खात्यात वाढीव पुरावा म्हणून चढवा.

अर्ज गेला, उत्तर येत नाही

उत्तराला बरेचदा कित्येक महिने लागतात. वरच्या प्रकरणात 9 जुलै उलटला, ऑगस्ट गेला, तरी काही कळलं नाही. घाबरायचं कारण नाही. वेळेत आणि प्रामाणिकपणे केलेला अर्ज विचाराधीन असताना I-94 ची तारीख उलटली तरी ते दिवस बेकायदा धरले जात नाहीत. पावती, म्हणजे I-797C, छापून पासपोर्टसोबत ठेवा.

खरी चूक पुढे होते. मागितलेली तारीख होती 10 ऑक्टोबर. उत्तर आलेलं नाही म्हणून लोक समजतात की उत्तर येईपर्यंत कितीही थांबता येतं. तसं नाही. विचाराधीन अर्ज तुम्हाला तुम्ही मागितलेल्या तारखेपर्यंतच आधार देतो. बाबांची जखम चिघळली आणि डिसेंबरपर्यंत थांबायची वेळ आली, तर 10 ऑक्टोबरच्या आत दुसरा I-539 टाकायला हवा, पुन्हा फी भरून, नव्या पत्रासह. पहिल्याचं उत्तर आलं नसलं तरी.

सगळं सुरळीत झालं आणि 30 सप्टेंबरला दोघं उडाले, तर पहिल्या अर्जाचं उत्तर यायची वाट बघू नये. निघून जावं. अमेरिकेत निघताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, विमान कंपनीच्या प्रवाशांच्या यादीवरून बाहेर गेल्याची नोंद होते. त्यामुळे बोर्डिंग पासचा तुकडा, I-539 ची पावती, डॉक्टरांचं पत्र आणि मुंबईला उतरल्यावरचा शिक्का असलेलं पान, हे एका फाइलमध्ये घालून ती फाइल पुण्याच्या कपाटात ठेवावी. पुढच्या खेपेला "मागच्या वेळी आठ महिने का राहिलात?" असं विचारलं की ही फाइलच कामाला येते.

मंजुरी आली तर I-797A येतो, आणि त्याच्या खालच्या भागात नवा I-94 असतो. तो कापून पासपोर्टमध्ये ठेवायचा. i94.cbp.dhs.gov वर मात्र जुनीच तारीख दिसत राहते, ते बघून दचकू नका. नामंजुरी आली आणि जुनी तारीख उलटलेली असेल, तर दुसऱ्या दिवसापासून बेकायदा दिवस मोजले जातात. प्रवास शक्य असेल तर लगेच निघा, नसेल तर त्याच दिवशी वकील गाठा. ऑनलाइन खात्याचा ईमेल रोज बघणारं घरात कोणीतरी एक ठरवून ठेवा.

विमान रद्द झालं तर

I-94 ला आठवडाभर बाकी असेल तर हा नुसता तिकिटाचा प्रश्न आहे. मिळेल त्या मार्गाने, मिळेल त्या कंपनीने तारखेच्या आत बाहेर पडा. फक्त मधल्या थांब्याच्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते आधी बघा, नाहीतर चेक-इनलाच अडवतात.

तारीख आज किंवा उद्याच असेल तर मात्र तास मोजून काम करावं लागतं. रात्री पावणेबाराचं विमान उशिरा होऊन दीडला सुटलं तरी कागदावर तुम्ही दुसऱ्या दिवशी गेलात असंच दिसतं. म्हणून शेवटच्या दिवसाचं तिकीट मुळात काढूच नये. पण आता अडकलाच असाल, तर विमान कंपनीच्या काउंटरवरून रद्द झाल्याचं लेखी घ्या, ईमेल असला तरी चालेल, फक्त त्यात विमानाचा क्रमांक, तारीख आणि कारण हवं. बदली तिकीट हातात घ्या. मग तिथल्याच बाकावर बसून, मध्यरात्रीची वाट न बघता, ऑनलाइन I-539 भरा आणि नव्या तिकिटानंतर आठ-दहा दिवस मागा. दोन दिवसांसाठी 420 डॉलर जिवावर येतात हे खरं, पण समोर दहा वर्षांचा व्हिसा आहे. नवा व्हिसा म्हणजे पुन्हा फी, पुन्हा मुलाखतीच्या तारखेसाठी वाट बघणं. आमच्या मते हे पैसे वाचवू नयेत.

मार्च 2020 मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली तेव्हा कितीतरी मराठी आई-बाबा असेच अडकले. ज्यांनी "विमानंच नाहीत, सरकारला कळतंच की" म्हणून काही केलं नाही, त्यांना उशिराचं स्पष्टीकरण द्यायची वेळ आली. बाकी सगळं ठप्प असतानाही ऑनलाइन अर्ज घेतले जात होते.

तारीख उलटून गेलीच असेल तर

बाबा अतिदक्षता विभागात होते, घरातल्या कोणाला तारखेची शुद्ध नव्हती, आणि आता आठ दिवस वर गेलेत. तरीही I-539 भरता येतो. उशीर माफ करायचा अधिकार खात्याला आहे, पण चार गोष्टी दिसाव्या लागतात. उशीर तुमच्या हाताबाहेरच्या असाधारण कारणाने झाला आणि त्या कारणाच्या मानानेच झाला, तुम्ही काम वगैरे करून दुसरा कोणताही नियम मोडलेला नाही, तुम्ही अजूनही खरोखर पाहुणेच आहात, आणि तुमच्यावर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू नाही. यातल्या "मानाने" या शब्दावर प्रकरणं अडतात. 3 तारखेला दवाखान्यातून सोडलं आणि 5 ला अर्ज गेला, तर ते पटतं. सोडल्यावर सहा आठवड्यांनी गेला तर त्या सहा आठवड्यांचं काय, हे सांगता येत नाही. निवेदनात दिवसागणिक लिहा: कधी भरती, कधी शुद्ध, कधी सुटका, कधी अर्ज.

व्हिसाशिवाय आलेले

ब्रिटिश पासपोर्टवर इएसटीए ही ऑनलाइन प्रवासपरवानगी घेऊन 90 दिवसांसाठी आलेले मावशी-काका I-539 भरू शकत नाहीत. फी घेतली गेली तरी अर्ज फेटाळला जातो. त्यांच्यासाठी सॅटिस्फॅक्टरी डिपार्चर नावाची सोय आहे: आजार किंवा रद्द विमानासारख्या अडचणीत 30 दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, तेवढ्यात गेलात तर मुक्काम ओलांडला असं धरत नाहीत. ती 90 दिवस संपायच्या आत मागायची, यूएससीआयएसच्या 800-375-5283 या क्रमांकावर, किंवा विमानतळावर अडकला असाल तर तिथल्या सीबीपी या सीमा तपासणी खात्याच्या कार्यालयात. फोनवर बोलताना पासपोर्ट, I-94 ची प्रत, डॉक्टरांचं पत्र आणि नवं तिकीट समोर ठेवा, कारण तारखा तिथल्या तिथे विचारतात. मिळालेली परवानगी लेखी मागून घ्या.